कमिशन स्टेटमेंट वाचताना टीडीएसला 50 ने गुणून बघा

इन्शुरन्स एजंटला दर महिन्याला कंपनीच्या पोर्टलवर एक स्टेटमेंट मिळतं, आणि बहुतेक जण त्यातला सगळ्यात खालचा आकडा बघतात, बँकेच्या मेसेजशी जुळवतात आणि बंद करतात. खालचा आकडा म्हणजे नेट पेएबल, हातात पडणारे पैसे, त्यामुळे ते साहजिकच आहे. पण रिटर्न भरताना, होम लोनला उत्पन्न दाखवताना किंवा आयकर खात्याचा मेसेज आल्यावर हा खालचा आकडा काहीच कामाचा नसतो, तिथे वरचा ग्रॉसचा आकडा लागतो, आणि मग जून-जुलैत धावपळ सुरू होते की बँकेत तर एवढेच आलेत, हे जास्तीचे कुठून दाखवतायत.

म्हणून एकच उदाहरण घेऊन पूर्ण वर्ष बघू. कमिशन एजंट अनेक प्रकारचे असतात पण मी लाइफ इन्शुरन्सच्या एजंटचं घेतोय, कारण त्यांचं स्टेटमेंट सगळ्यात गुंतागुंतीचं असतं. वर्ष आर्थिक 2025-26, म्हणजे 1 एप्रिल 2025 ते 31 मार्च 2026. आपली एजंट एक ताई आहे, नवीन एजन्सी, पॅन दिलेलं आहे, आधारशी जोडलेलं आहे. आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून मी बनवलेले आहेत, नियम खरे आहेत.

एप्रिलमध्ये ताईचं ग्रॉस कमिशन 6,200, टीडीएस शून्य, नेट 6,200. मे मध्ये ग्रॉस 7,300, टीडीएस शून्य, नेट 7,300. छान चाललंय. जूनमध्ये ग्रॉस 9,500 आणि टीडीएस एकदम 460, नेट 9,040.

आता ताई कॅल्क्युलेटर काढते. 9,500 वर 460 म्हणजे जवळपास 5 टक्के. ग्रुपवर तर सगळे सांगत होते की टीडीएस 2 टक्के झालाय, मग कंपनीने जुन्या दराने कापला की काय? ब्रांचला फोन, डेव्हलपमेंट ऑफिसरला फोन, कोणी नीट सांगत नाही.

कंपनीने बरोबरच कापलाय. 31 मार्च 2026 पर्यंत इन्शुरन्स कमिशनवरचा टीडीएस आयकर कायदा 1961 च्या कलम 194डी खाली कापत होते. व्यक्तीसाठी दर आधी 5 टक्के होता, तो 1 एप्रिल 2025 पासून 2 टक्के झाला, आणि त्याच दिवसापासून मर्यादा 15,000 वरून 20,000 झाली. ही मर्यादा पूर्ण वर्षाची आहे, महिन्याची नाही. वर्षभराचं कमिशन 20,000 च्या आत राहणार असेल तर कापायचा नाही, पण एकदा बेरीज त्याच्या वर गेली की फक्त वरच्या रकमेवर नाही तर पहिल्या रुपयापासून सगळ्यावर कापायचा. ताईची बेरीज मे पर्यंत 13,500 होती, जूनमध्ये ती 23,000 झाली. 23,000 चे 2 टक्के म्हणजे 460. एप्रिल आणि मे मध्ये न कापलेला टीडीएस जूनच्या बिलात एकत्र आला, एवढंच.

हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे आणि या लेखातलं दुसरं काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल, एवढं ठेवा. टीडीएसच्या आकड्याला 50 ने गुणा. 2 टक्क्याचं उलट म्हणजे गुणिले 50. 460 गुणिले 50 बरोबर 23,000. हा जो आकडा येतो तो म्हणजे कंपनीने किती रकमेवर कर कापला, आणि अर्थातच सरकारला तुमचं उत्पन्न म्हणून किती रक्कम कळवली. स्टेटमेंटवर वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळी हेडिंग लावतात, कोणी ग्रॉस अर्निंग लिहितं, कोणी टोटल कमिशन, कोणी टॅक्सेबल, त्यात अडकायचं नाही, गुणाकार खरं सांगतो.

काही ठिकाणी कंपन्या पहिल्याच महिन्यापासून कापायला लागतात, कारण एजंटचं कमिशन 20,000 च्या वर जाणारच असा अंदाज असतो. कायद्यात तशी सोयच आहे, मर्यादा नुसत्या दिलेल्या रकमेची नाही तर वर्षात मिळण्याची शक्यता असलेल्या रकमेचीही आहे. त्यामुळे तुमच्या मित्राला एप्रिलपासून कापला आणि तुम्हाला जूनपासून, तर दोघांचंही बरोबर असू शकतं.

आता जुलैचं स्टेटमेंट बघू, खरी गंमत इथे आहे.

वरच्या भागात तीन ओळी आहेत. फर्स्ट इयर कमिशन 14,000, म्हणजे या वर्षी विकलेल्या नवीन पॉलिसींच्या पहिल्या वर्षाच्या प्रीमियमवरचं. रिन्यूअल कमिशन 3,600. ताई नवीन आहे मग तिला रिन्यूअल कसं, तर समजा कंपनीने एजन्सी सोडून गेलेल्या कोणाच्या पॉलिसी तिला सर्व्हिसिंगसाठी दिल्यात आणि त्यावर कमिशनही देते. तिसरी ओळ मायनस 2,400. ही रिकव्हरी. मे मध्ये एक पॉलिसी विकली होती, ग्राहकाने पॉलिसी हातात आल्यावर फ्री लूकच्या मुदतीत, म्हणजे 30 दिवसांच्या आत, परत केली. कंपनीने ग्राहकाला पैसे परत दिले आणि ताईला दिलेलं कमिशन परत घेतलं. चेक बाउन्स झाला तरी असंच होतं.

खालच्या भागात टीडीएस 304, मग उचल हप्ता 1,500, आणि शेवटी नेट पेएबल 13,396. उचल म्हणजे ताईने जूनमध्ये गाडीसाठी कंपनीकडून 12,000 घेतले होते, ते जुलै ते फेब्रुवारी आठ महिन्यांत 1,500 प्रमाणे कापले जाणार.

आता हे तीन मायनस बघा, 2,400, 304 आणि 1,500. स्टेटमेंटवर तिन्ही सारखेच दिसतात, वजा चिन्ह आणि रक्कम, पण तिन्हींचा अर्थ पूर्ण वेगळा आहे आणि इथेच सगळे गोंधळ होतात.

304 चा टीडीएस हा ताईचाच पैसा आहे, तो सरकारकडे तिच्या पॅनवर जमा आहे. तो खर्च नाही, उत्पन्नातून वजा होत नाही. वर्षाच्या शेवटी तिचा जो काय कर निघेल त्यातून हा वजा होतो, कर निघालाच नाही तर रिफंड मिळतो.

1,500 चा हप्ता हासुद्धा खर्च नाही. कर्ज घेतलं तेव्हा 12,000 उत्पन्न झालं नव्हतं, त्यामुळे ते फेडताना उत्पन्न कमीही होत नाही. नेटमध्ये फक्त तो दिसतो म्हणून लोकांना वाटतं की एवढं कमिशन कमी मिळालं. नाही, कमिशन पूर्ण मिळालं, त्यातून तुम्ही हप्ता भरला. व्याज लागत असेल तर त्याचा विचार वेगळा, आणि तोही गाडी धंद्यासाठी वापरली तरच.

2,400 ची रिकव्हरी मात्र खरंच उत्पन्न कमी करते, कारण तो सौदाच रद्द झाला. पण प्रश्न असा की कंपनीने ती कुठे वजा केली. परत गुणाकार. 304 गुणिले 50 बरोबर 15,200. आणि 14,000 अधिक 3,600 वजा 2,400 पण 15,200 च. म्हणजे या कंपनीने रिकव्हरी आधी वजा केली, मग उरलेल्यावर टीडीएस कापला, सरकारलाही 15,200 च कळवले. ताईला वेगळं काही करायचं नाही.

पण समजा टीडीएस 352 असता तर? 352 गुणिले 50 बरोबर 17,600. म्हणजे कंपनीने पूर्ण 17,600 वर कर कापला आणि रिकव्हरी नंतर नेटमधून वजा केली. मग सरकारी रेकॉर्डला तुमचं उत्पन्न 17,600 दिसणार आणि 2,400 परत गेल्याचं तिथे काहीच दिसणार नाही. अशा वेळी रिटर्नमध्ये ग्रॉस 17,600 दाखवायचं आणि 2,400 परत दिलेलं कमिशन म्हणून वेगळं वजा करायचं, पुरावा म्हणून हे स्टेटमेंट जपून ठेवायचं. पहिल्या प्रकारात परत एकदा 2,400 वजा केले तर दोनदा वजा होतील, दुसऱ्या प्रकारात नाही केले तर जे मिळालंच नाही त्यावर कर लागेल. एका गुणाकारात हे कळतं म्हणून मी सगळ्यांच्या मागे लागतो की जिथे मायनसची ओळ दिसेल त्या महिन्यात गुणून बघा.

(मार्चमध्ये विकलेली पॉलिसी एप्रिलमध्ये रद्द झाली तर मागच्या वर्षाचा टीडीएस उलटा फिरत नाही. मागच्या वर्षी पूर्ण कमिशन दिसतं, रिकव्हरी नवीन वर्षाच्या स्टेटमेंटला येते. मार्चच्या शेवटी टार्गेटसाठी ढकललेल्या पॉलिसींचं हे नेहमीचं दुखणं आहे.)

आता पूर्ण वर्षाची बेरीज. बाकी महिने मी लिहीत बसत नाही, वर्षाअखेर ताईचं ग्रॉस 1,68,000 झालं, टीडीएस 3,360, उचल हप्ते 12,000. बारा महिन्यांच्या नेटची बेरीज 1,52,640. आणि बँकेच्या पासबुकात 1 एप्रिल ते 31 मार्च कमिशनचे जमा झालेले 1,35,000.

हा 1,35,000 चा आकडा कुठून आला? मार्च 2026 चं ग्रॉस 18,000 होतं, कंपनीने ते 31 मार्चला ताईच्या नावावर जमा दाखवलं, 360 टीडीएस त्याच दिवशी धरला, आणि 17,640 प्रत्यक्ष बँकेत आले एप्रिलमध्ये. टीडीएस हा पैसे नावावर जमा केल्याच्या किंवा प्रत्यक्ष दिल्याच्या, जे आधी होईल त्या दिवशी कापायचा असतो, त्यामुळे सरकारी रेकॉर्डला हे 18,000 मार्चमध्येच, म्हणजे 2025-26 मध्येच येतात. म्हणून 1,68,000 आणि 1,35,000 मधला 33,000 चा फरक असा फुटतो: 3,360 टीडीएस, 12,000 हप्ते आणि 17,640 एप्रिलमध्ये आलेले. बेरीज करून बघा, रुपया इकडचा तिकडे नाही. जूनमध्ये मिळालेली 12,000 ची उचल पासबुकात वेगळ्या एन्ट्रीने आहे, ती या 1,35,000 मध्ये धरलेली नाही, कारण ते कमिशन नाही.

हा फरकाचा हिशोब एका कागदावर लिहून स्टेटमेंटच्या फाइलला लावून ठेवा. बँकवाला विचारो, आयकर खातं विचारो किंवा तुमचा सीए विचारो, सगळ्यांना उत्तर त्या एका कागदात आहे.

बरं मग उत्पन्न कोणतं? ग्रॉस 1,68,000, त्यातून धंद्याचा खर्च वजा. 1,52,640 पण नाही आणि 1,35,000 तर अजिबात नाही. बरेच जण पासबुकावरून 1,35,000 लिहितात आणि टीडीएस मात्र पूर्ण 3,360 चा मागतात. सिस्टीमला लगेच दिसतं की 1,68,000 वर कापलेला टीडीएस मागताय आणि उत्पन्न त्यापेक्षा कमी दाखवताय, मग रिफंड अडकतो आणि खुलासा मागणारा मेसेज येतो. ज्या वर्षीचं उत्पन्न दाखवाल त्याच वर्षी त्याचा टीडीएस मिळतो असा नियम आहे, त्यामुळे मार्चचे 18,000 पुढच्या वर्षात ढकलायचे असतील तर त्याचे 360 पण पुढे न्यावे लागतात. हे करता येतं पण लहान एजंटने कशाला त्या भानगडीत पडायचं, कंपनीचं वर्ष धरावं आणि मोकळं व्हावं.

अजून एक, कमिशन हे धंद्याचं उत्पन्न धरतात. पण छोट्या धंद्यांना जी 44एडी ची सोय आहे, ज्यात उलाढालीच्या 8 किंवा 6 टक्के नफा धरून विषय संपतो, ती कमिशनच्या उत्पन्नाला लागू नाही, कायद्यातच कमिशन आणि ब्रोकरेज बाहेर ठेवलंय. त्यामुळे सोपा म्हणून आयटीआर-4 भरायचा नाही, आयटीआर-3 भरायचा. सायबर कॅफेत पटकन भरून देणारे हे हमखास चुकवतात.

खर्चाचं काय, तर पेट्रोल, मोबाईल, झेरॉक्स, ग्राहकांना दिलेली कॅलेंडर, जे खरंच झालं आणि ज्याची नोंद आहे ते. मात्र अगदी लहान एजंटसाठी एक जुनी सोय आहे जी फार कमी जणांना माहीत असते. 1991 चं सीबीडीटीचं परिपत्रक क्रमांक 594. एलआयसीच्या ज्या एजंटचं वर्षाचं एकूण कमिशन 60,000 पेक्षा कमी आहे आणि जो सविस्तर हिशोब ठेवत नाही, त्याला फर्स्ट इयर कमिशनच्या 50 टक्के आणि रिन्यूअलच्या 15 टक्के एवढा खर्च ठोक वजा करता येतो, जास्तीत जास्त 20,000. बोनस कमिशनवर मात्र अशी वजावट नाही. समजा एखाद्या काकांचं फर्स्ट इयर 20,000, रिन्यूअल 25,000, बोनस 3,000, एकूण 48,000. तर 10,000 अधिक 3,750 म्हणजे 13,750 खर्च बिलाशिवाय वजा. आणि यासाठीच स्टेटमेंटवरच्या त्या वेगवेगळ्या ओळी जपायच्या, नुसत्या एकूण आकड्यावरून 33 टक्क्याच्या आसपास, नेमकं सांगायचं तर एक तृतीयांश धरता येतं पण ते वेगळे आकडे उपलब्ध नसतील तेव्हाच. 60,000 ची मर्यादाही ग्रॉसवर बघायची, नेटवर नाही. आपल्या ताईचं 1,68,000 आहे त्यामुळे तिला हे लागू नाही, तिने पेट्रोलची बिलं ठेवावीत.

स्टेटमेंट बरोबर आहे हे कळलं, आता कंपनीने कापलेला टीडीएस सरकारकडे पोचला का ते बघायचं. हे 26एएस मध्ये, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या सरकारी नोंदीत दिसतं, आयकर पोर्टलवर लॉगिन करून तिथून ट्रेसेसवर जाता येतं. कंपनीच्या नावाखाली प्रत्येक एन्ट्रीला कलम, तारीख, रक्कम, कापलेला कर आणि स्टेटसचं एक अक्षर असतं. `F` असेल तर फायनल, काळजी नाही. `U` असेल तर अजून जुळलेलं नाही, म्हणजे कंपनीने कळवलंय पण भरलेल्या चलनाशी मेळ लागत नाहीये. हे दर महिन्याला बघून उपयोग नाही, कारण कंपनी तिमाहीला एकदा कळवते. पहिल्या तिमाहीचं 31 जुलैपर्यंत, दुसरीचं 31 ऑक्टोबर, तिसरीचं 31 जानेवारी आणि शेवटच्या तिमाहीचं थेट 31 मे. म्हणून मार्चचा टीडीएस एप्रिलमध्ये शोधायला गेलात तर नसणारच, आणि एप्रिलमध्येच घाईने रिटर्न भरणाऱ्यांचा टीडीएस यामुळेच कमी येतो. फॉर्म 16ए नावाचं सर्टिफिकेट त्या त्या तारखेनंतर 15 दिवसांत कंपनीने द्यायचं असतं, वर्षाचं शेवटचं 15 जूनच्या आसपास मिळतं. ते आलं की स्टेटमेंटची बेरीज, 16ए आणि 26एएस असे तिन्ही शेजारी ठेवायचे.

न जुळण्याची कारणं ठरलेली असतात. टीडीएस 20 टक्के कापलेला दिसला तर समजायचं पॅन कंपनीकडे चुकीचं आहे किंवा आधारशी लिंक नसल्याने निष्क्रिय आहे. इथे 50 ने गुणून भलताच मोठा आकडा येतो, त्यावरूनच शंका यायला पाहिजे. टीडीएस कापलेला आहे पण 26एएस मध्ये कुठेच नाही, तर बहुधा पॅनमध्ये एखादं अक्षर चुकलंय आणि तो दुसऱ्याच्याच खात्यात गेलाय. दोन्हीसाठी कंपनीच्या कमिशन विभागाला लेखी मेल करायचा, एजंट कोड, पॅन, महिना, स्टेटमेंटवरचा ग्रॉस आणि टीडीएस लिहून, सोबत स्टेटमेंट जोडून, आणि दुरुस्ती स्टेटमेंट भरा असं सांगायचं. ते कंपनीलाच भरता येतं, तुम्हाला नाही. आणि तुमच्या पैशातून कर कापला गेलाय हे तुम्ही दाखवू शकत असाल तर तोच कर परत तुमच्याकडून वसूल करता येत नाही, जुन्या कायद्यात कलम 205 त्यासाठीच आहे. पण दाखवायला स्टेटमेंट लागतं ना.

गुणिले 50 कुठे चालत नाही तेही सांगतो. 31 मार्च 2025 पर्यंत जमा झालेल्या कमिशनवर दर 5 टक्के होता, त्यामुळे जुनी स्टेटमेंट तपासताना 20 ने गुणा. एजन्सी कंपनीच्या नावावर असेल तर दर वेगळा आहे. माझा कर निघणार नाही असं लिहून देणारा फॉर्म 15जी दिला असेल तर टीडीएस शून्यच असतो, शून्याला कितीनेही गुणून काय मिळणार. आणि 1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा 2025 लागू झालाय त्यामुळे कलमांचे आकडे बदललेत, पुढच्या स्टेटमेंटवर 194डी दिसलं नाही म्हणून दचकू नका, दर तेवढा बघून घ्या.

ज्यांचं कमिशन 20,000 च्या आत आहे त्यांच्यासाठी तर हे स्टेटमेंटच एकमेव कागद आहे. टीडीएस नाही म्हणून 26एएस मध्ये काही दिसेलच असं नाही, पण उत्पन्न हे उत्पन्नच आहे, ते इतर उत्पन्नात मिळवून दाखवावं लागतं. टीडीएस नाही म्हणजे टॅक्स-फ्री, हा समज कुठून आला देव जाणे.

ताईचं दुसरं काही उत्पन्न नसेल तर नवीन करप्रणालीत 4 लाखांपर्यंत कर नाही, म्हणजे तिचे पूर्ण 3,360 रिफंड. फक्त ते आपोआप येत नाहीत, रिटर्न भरावा लागतो, आणि बँक खातं पोर्टलवर व्हॅलिडेट केलेलं असावं लागतं. आणि बारा महिन्यांच्या पीडीएफ दर महिन्याला उतरवून ठेवायच्या, कारण एजन्सी सोडली किंवा कोड बंद झाला की पोर्टलचं लॉगिनही बंद होतं, आणि मग तेच कागद ब्रांचकडून मिळवायला हेलपाटे घालावे लागतात.